पुढे वाचायचं ना!

मी विनोदी बाई आहे. हे मी नाही म्हणत, इंग्लंडातल्या मेडनहेडचं अख्खं मराठी मंडळ म्हणतं. कोणाचा वाढदिवस असला की ग्रुपवर सकाळपासून लोक वाट बघतात, आज डॉक्टर सीमा काय लिहितेय म्हणून. आणि मी लिहिते. आधी दवाखान्यात दोन-चार खोकले तपासते, मग कॉफी घेताना मोबाईलवर कोणाची तरी टोपी उडवते. इथे जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्याला सर्जरी म्हणतात, पण माझी कापाकापी काय ती ग्रुपवरच चालायची.

याच ग्रुपवर दुसरं एक कामही माझ्याकडे होतं. मंडळात कोणी गेलं, की ती बातमीही मीच टाकायची. मराठी नीट लिहिणारी म्हणून. ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की’ अशी सुरुवात करायची, नाव, तारीख, अंत्यसंस्कार कुठे आणि किती वाजता, बस्स. त्यात मी कधी शब्दाचाही फापटपसारा केला नाही. जानेवारीत आमच्या अलकाताई गेल्या, तेव्हाही मीच लिहिलं होतं.

म्हणजे एकाच बोटानं मी लोकांना हसवत होते आणि त्याच बोटानं रडवत होते. हे तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं असतं, तर पुढचं काही झालं नसतं.

उदय बापट माझा मेडिकल कॉलेजपासूनचा दोस्त. आम्ही बरोबरच या देशात आलो, बरोबरच परीक्षा दिल्या, बरोबरच नापास झालो. तो पुढे भूलतज्ज्ञ झाला, मी जीपी. त्याची बायको मालविका माझी मैत्रीण, आणि त्यांची एकुलती एक लेक इरावती म्हणजे माझी लाडकी. इथेच जन्मली, इथेच वाढली. तिला मराठी वाचायला मी शिकवलं. दर रविवारी मंडळाच्या वर्गात माझ्यासमोर बसून कार्टी ‘क’ला शिंगं काढायची. मोठी झाली, लंडनपलीकडे क्रॉयडनला राहायला गेली, तरी ग्रुपवरचं माझं लिखाण ती हळूहळू, अक्षर जुळवत वाचायची. अडलं की मला विचारायची. अलकाताईंची बातमी टाकली तेव्हाही तिचा मेसेज आला होता, “मावशी, निधन म्हणजे काय?”

मी सांगितलं, “निधन म्हणजे मृत्यू, बाळा.”

मीच सांगितलं होतं. हे लक्षात ठेवा.

तर फेब्रुवारीत उदयची साठी आली. साठी म्हणजे काय साधी गोष्ट आहे का? आठवडाभर मी डोकं खाजवत होते. आणि त्या शुक्रवारी सकाळी सुचलं. असं सुचलं की मी एकटीच माझ्या खोलीत फिसकन् हसले. मी लिहिलं:

‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की आपल्या सर्वांचे लाडके डॉ. उदय बापट यांच्या तारुण्याचे आज पहाटे दुःखद निधन झाले. गेली काही वर्षे ते अत्यवस्थच होते. त्यांच्या पश्चात एक पोट, दोन हनुवट्या आणि डोक्यावर उरलेले चार केस असा परिवार आहे. शोकसभा संध्याकाळी सहा वाजता बापटांच्या घरी, केक आणणार मालविका. हॅपी बर्थडे, म्हाताऱ्या!’

पाठवलं. फोन खणात टाकला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मधे एकदा खण उघडला तेव्हा ग्रुप नुसता उसळला होता. मंडळी अशी खुळी, सगळ्यांनी माझ्या सुरात सूर मिसळला होता. कोणी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, कोणी ‘ॐ शांती’, कोणी हात जोडलेले, कोणी ढसाढसा रडणारे पिवळे चेहरे. मंडळातल्या अनुपनं तर ‘मंडळाची कधीही न भरून येणारी हानी’ असं ठोकून दिलं होतं. मी खूश. इरावतीचे दोन मिस्ड कॉलही दिसले. म्हटलं, पोरगी हसून हसून लोळत असेल, मला शाबासकी द्यायला फोन करतेय. बघू नंतर. आणि खण बंद केला.

तो खण मी तेव्हाच परत उघडायला हवा होता.

संध्याकाळी मी जरीची साडी नेसले, शशीला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ताटकळत ठेवलं आणि सहाच्या ठोक्याला बापटांच्या दारात उभी राहिले. बेल वाजवली आणि मोठ्यानं म्हटलं, “काय हो, मयताला खांदा द्यायला आलोय आम्ही!”

दार मालविकानं उघडलं. तिचे डोळे सुजलेले. ती म्हणाली, “सीमा, आज नको.”

मला वाटलं, हीही गंमतच करतेय. मी तिच्या बाजूनं आत डोकावले. जिन्याच्या खालच्या पायरीवर इरावती बसली होती. अंगात कोट तसाच. गळ्यात शाळेचं ओळखपत्र लटकत होतं. नोकरी सोडून ती नुकतीच क्रॉयडनच्या एका शाळेत शिक्षिकेचं ट्रेनिंग घ्यायला लागली होती. शेजारी उदय बसला होता आणि तिनं त्याची बाही मुठीत घट्ट धरून ठेवली होती. पंचविशीला टेकलेली मुलगी, लहानपणी जत्रेत धरतात तशी धरून बसलेली.

“काय झालं गं?” मी विचारलं.

इरावती माझ्याकडे बघत म्हणाली, “मावशी, मला वाटला बाबा गेला.”

मग तुकड्या-तुकड्यांनी कळलं. मधल्या सुट्टीत ती स्टाफरूममध्ये आली. फोनच्या लॉक स्क्रीनवर माझा मेसेज. तिथे काय, चारच ओळी दिसतात, पुढे नुसती टिंबं. कळविण्यास अत्यंत दुःख होते की, उदय बापट, आज पहाटे, दुःखद निधन. तिला येणारे सगळे शब्द बरोबर तेवढेच होते. ‘तारुण्याचे’ हा शब्द तिला येत नव्हता. तिला वाटलं, एखाद्या आजाराचं नाव असेल.

तिनं बाबाला फोन लावला. तो बंद. भूल देणाऱ्या माणसाचा फोन सकाळी लॉकरमध्येच असतो, पण असल्या वेळी हे कोणाला सुचतं? आईला लावला. आई केक आणायला शेजारच्या स्लाउला गेली होती, फोन पर्सच्या तळाशी. मग मला लावला, दोनदा. मी खण बंद केला होता. शेवटी तिनं ग्रुप उघडला. पोट आणि हनुवट्या वाचायचं तिच्यात त्राण नव्हतं, नजर सरळ खाली गेली. खाली काय? श्रद्धांजली, ॐ शांती, हात जोडलेले, रडणारे चेहरे, एकाखाली एक. ज्यांना ती लहानपणापासून काका-काकू म्हणते, ती सगळी माणसं तिच्या बाबासाठी रडत होती.

मुख्याध्यापिकेला सांगून ती तशीच धावली. क्रॉयडनहून ट्रेन, फॅरिंग्डनला बदलून एलिझाबेथ लाइन. पॅडिंग्टन ओलांडलं तेव्हा उदय ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आला आणि त्यानं मिस्ड कॉल बघून तिला फोन केला. स्क्रीनवर ‘बाबा’ असं आलं. तिनं उचलला, आणि त्याच्या “हॅलो, काय गं?”वर भर डब्यात हंबरडा फोडला.

आता माझं बघा. एखाद्या शहाण्या बाईनं यावर काय केलं असतं? खाली बसली असती, पोरीला जवळ घेतलं असतं. मी काय म्हणाले असेन?

मी म्हणाले, “अगं, पण पुढे वाचायचं ना!”

जीभ झडली का नाही माझी तेव्हा! पण तेच म्हणाले, आणि तेही चढ्या आवाजात. चूक माझी आहे हे कळलं की माझा आवाज आधी चढतो, हा माझा जन्मजात दुर्गुण आहे.

इरावती ओरडली नाही. शांतपणे म्हणाली, “मी वाचली, मावशी. तू शिकवलंस तेवढी सगळी वाचली.”

शशीनं माझा दंड धरला आणि मला बाहेर आणलं. गाडीत बसल्यावर मी जरीच्या पदराला नाक पुसत रडले. त्याच रात्री तिनं ग्रुप सोडला. ‘इरावती लेफ्ट’ अशी करड्या अक्षरांतली ओळ आली, आणि त्या ओळीखाली कोणालाही काही लिहायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला माफीचा मेसेज लिहायला घेतला. हा लांबच लांब लिहिला. शशीला दाखवला. शशी बोलतो कमी, पण बोलतो तेव्हा नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवतो. त्यानं दोन ओळींखाली तळहात धरला आणि उरलेला मेसेज झाकून टाकला. म्हणाला, “आता एवढंच वाच.”

मी वाचलं. ‘इरा, कालचा प्रकार फारच भयंकर झाला, मला रात्रभर झोप नाही, तुझ्या बाबाला’ आणि पुढे त्याचा हात.

“बाबाला काय?” शशी म्हणाला. “परत तेच करतेयस तू, सीमा.”

मी सगळं पुसलं आणि लिहिलं, ‘इरा, चूक माझी होती. मला माफ कर.’ बस्स, एवढंच. निळ्या खुणा झाल्या. उत्तर आलं नाही. आठवडा गेला, महिना गेला, उत्तर नाही. मालविका म्हणाली, पोरगी आता मराठीतलं काही वाचतच नाही, आजीचे मेसेजसुद्धा मशीनकडून इंग्रजीत करून घेते. म्हणते, जे समजत नाही तेही समजलं असं मला वाटतं, म्हणून नको.

हे ऐकून मला जे झालं ते सांगता येत नाही. इतक्या वर्षांचे रविवार! ती शिंगं काढलेली अक्षरं सरळ करता करता मी तिला एक भाषा दिली होती, आणि एका फालतू कोटीसाठी ती तिच्याकडून काढून घेतली. अपराधी वाटणं म्हणजे काय, ते मला त्या महिन्यात कळलं. पेशंटचं ब्लडप्रेशर बघतानाही मधेच फोन उघडून तिचं उत्तर आलं का ते बघायचे. ग्रुपवर वाढदिवस येत होते, जात होते, मी नुसती ‘शुभेच्छा’ लिहून गप्प बसत होते. लोक म्हणायचे, डॉक्टर, काय झालं, विनोद संपले का? संपले, बाबांनो.

एका रविवारी उदय आला. आम्ही थेम्सच्या काठानं चालायला गेलो. मी म्हटलं, “उदय, मला एक सांग. हाच मजकूर मी स्टेजवर वाचला असता तर?”

“लोक खुर्चीवरून पडले असते.”

“मग?”

“अगं, स्टेजवर तू ‘यांच्या’ म्हणून थांबतेस. चष्मा नाकावर खाली घेतेस, माझ्याकडे बघतेस, तुझी ती डावी भुवई वर जाते. तेवढ्यात सगळ्यांना कळतं, बाई आता काहीतरी वात्रट बोलणार. लोक आधीच हसायच्या तयारीत बसतात. फोनवर तुझी भुवई कुठून दिसणार? फोनवर ‘निधन’ म्हणजे निधन.”

“आणि थांबायचं कुठे, तेही फोन ठरवतो.”

“हो ना. तू पोटापाशी थांबणार होतीस. फोन माझ्या मढ्यापाशी थांबला.”

मला हसू फुटलं आणि लगेच लाज वाटली. उदय म्हणाला, “आणि तुला एकटीला काय बोलू? मीही तेच करून बसलो होतो. तिनं नोकरी सोडली, शिक्षिका होणार असं कळवलं, तेव्हा मी उत्तर पाठवलं ‘शाब्बास!’ एकच शब्द. मनापासून लिहिला होता गं. पण आमच्या घरी शाब्बास कधी म्हणायचे? इराच्या हातून दुधाचं भांडं सांडलं की! तिला वाटलं, बाबानं टोमणा मारला. तीन आठवडे माझ्याशी बोलली नव्हती. मला वाटत होतं, कामात असेल.”

“मग कळलं कसं?”

“त्या दिवशी तिनं माझ्या फोनवर व्हॉइसमेल ठेवला होता. ट्रेनमधून. रडत म्हणत होती, बाबा, ते शाब्बास टोमणा होता ना, चालेल, टोमणा तर टोमणा, पण परत म्हण.” उदय पुढे म्हणाला, “एकदाच ऐकला. परत ऐकवत नाही आणि पुसवतही नाही.”

नदीवर एक बाई बदकांना पाव टाकत होती, तिच्याकडे आम्ही दोघे उगाच बघत राहिलो.

एप्रिलमध्ये इरावतीचा वाढदिवस. लिहू की नको? न लिहावं तर दगड झाले असं वाटेल, लिहावं तर कुठल्या तोंडानं? शेवटी लिहायला बसले. आणि बघा, माणसाची खोड जात नाही! पहिलीच ओळ मी काय लिहिली असेल? ‘आनंदाची बातमी: आपल्याकडे सगळे जिवंत आहेत.’ मला ते फार छान वाटलं. जुनं दुखणं हसून उडवून लावायचं, असं काहीतरी.

शशीनं वाचलं आणि मान हलवली.

“का? यात तर पुढे झाकलं तरी काही बिघडत नाही. सगळे जिवंतच आहेत!”

“वाक्य ठीक आहे,” तो म्हणाला. “पण मार तिनं खाल्लाय. त्यावर पहिला विनोद करायचा हक्क तिचा. तू घाई करू नकोस.”

मी चिडले. आतल्या खोलीत गेले, कपाटाचं दार दोनदा आपटलं. मग परत आले आणि ती ओळ पुसली, कारण मेला बरोबर बोलत होता.

मग मी असं लिहिलं: ‘इरावती, वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा. तू शिक्षिका होतेयस याचा मला अभिमान वाटतो. माझ्या वर्गात तू ‘क’ला शिंगं काढायचीस. आता तुझ्या वर्गात कोणीतरी काढत असेल, त्याला रागावू नकोस.’

पहिल्या ओळीवर फोन थांबला तरी शुभेच्छाच पोचणार होत्या. गंमत शेवटी, आणि तीही तिला बोचणार नाही अशी. शब्द सगळे तिला येणारे. ‘अभिमान’वर मी अडले होते, पण तो मी तिला शिकवला होता, ते आठवलं. दुपारी शाळा सुटून मुलं गेल्यावर, ती निवांत असेल अशा वेळी पाठवला. आणि फोन खणात टाकला नाही. ओट्यावर समोर ठेवला आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

निळ्या खुणा झाल्या. मग बराच वेळ काही नाही. मी म्हटलं, ठीक आहे, वाचलं तरी. मशीनला विचारून का होईना, वाचलं.

मग फोन थरथरला. इरावतीचा मेसेज. मराठी अक्षरांत.

‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की’

बस्स. पुढे काही नाही.

माझ्या हातातलं लाटणं खाली पडलं. वर ‘टायपिंग’ असं दिसत होतं. मग तेही गेलं. परत आलं. परत गेलं. उदय? सकाळीच तर त्याच्याशी बोलले होते. मालविका? गाडी चालवत कुठे गेली होती का? मी पीठभरल्या हातानं फोन उचलला, उदयचा नंबर शोधायला लागले, बोटं पिठानं माखलेली, स्क्रीन काही ऐकेना. “शशी!” मी अशी किंचाळले की तो बाथरूममधून अर्ध्या दाढीनं बाहेर आला. तव्यावरची पोळी जळत होती आणि मला तिचा वाससुद्धा येत नव्हता. माझा जीव नुसता त्या ‘होते की’ला लटकला होता.

आणि मग दुसरा मेसेज आला.

‘माझा तारुण्य आज पंचवीस वर्षांचा झाला आणि त्याला तुझ्या हातचे श्रीखंड पाहिजे.’

आणि लगेच तिसरा.

‘श्वास घे, मावशी.’

हसू का रडू, काही कळेना, दोन्ही एकदमच आलं. गॅस शशीनं बंद केला. फोन माझ्या हातातून घेऊन त्यानं वाचलं आणि दाढीच्या फेसातून हसला. “तुझीच शिष्या,” तो म्हणाला.

कार्टीनं मला तिच्या ट्रेनमध्ये बसवून आणलं होतं. फॅरिंग्डनला बदलून, पॅडिंग्टनपर्यंत. मिनिटभरच असेल फार तर, पण मला पुरलं. ती तिथे किती वेळ बसली होती! आणि मी म्हणाले होते, पुढे वाचायचं ना.

डोळे पुसून मी परत वाचलं. ‘माझा तारुण्य.’ माझं, गं बाई, माझं तारुण्य! तारुण्य नपुंसकलिंगी! बोट शिवशिवलं. मी ‘माझं’ टाइप केलं, आणि पुसून टाकलं. तिनं तो शब्द शोधून काढला होता. जो शब्द न आल्यामुळे ती रडत घरी आली, तोच शब्द तिनं मला परत पाठवला होता, मशीनकडून न घेता, चुकीच्या लिंगासकट, स्वतःचा. मी त्याला हात लावणार नव्हते.

मग मी उत्तर लिहिलं, ‘शाब्बास!’

लिहिलं आणि त्याच्याकडे बघत बसले. एकच शब्द. ना भुवई, ना आवाज. तोही मी पुसला.

पीठ झटकलं आणि फोन लावला. तिनं पहिल्या रिंगला उचलला.

“मावशी?”

“शाब्बास,” मी म्हणाले.

तिनं पलीकडे नाक ओढलं आणि म्हणाली, “परत म्हण.”

मी परत म्हटलं.